अबोल्याची एक रात्र

एम. ए.च्या वर्गाला 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' शिकवताना दरवर्षी एका ठिकाणी मला थांबावे लागते. रमाबाई रानडे यांचे हे पुस्तक 1910 साली प्रसिद्ध झाले, म्हणजे न्यायमूर्ती गेल्यानंतर नऊ वर्षांनी. स्त्री-आत्मचरित्राचा आरंभ, सुधारणेचा इतिहास, एका थोर पुरुषाचे कौटुंबिक दर्शन वगैरे जे मुद्दे परीक्षेला विचारले जातात ते सारे त्यात आहेत. परंतु मी थांबतो ते एका रात्रीच्या वर्णनापाशी. त्या रात्री न्यायमूर्ती आपल्या पत्नीशी बोलले नाहीत.

प्रसंग थोडक्यात असा. पुण्यात त्या काळी सुधारकांच्या घरांतल्या बायका आणि जुन्या वळणाच्या बायका यांच्यात उघड ओढाताण चालली होती, आणि तीत रमाबाईंचे वागणे पतीला रुचले नव्हते. त्यांनी रागावून शब्द काढला नाही. ते गप्प राहिले. रात्री नेहमीप्रमाणे त्यांच्या पायांना तूप चोळण्यासाठी रमाबाई बसल्या, आता तरी काही बोलतील म्हणून वाट पाहत राहिल्या, आणि काहीच घडले नाही. ती रात्र त्यांनी कशी काढली हे त्या सांगतात. शेवटी चूक त्यांनीच कबूल केली, तेव्हा कुठे उत्तर मिळाले. त्या उत्तराचा आशय असा की माझ्या विचारांची दिशा एकदा तुला कळली, की तिच्या अनुरोधाने वागत जावे, म्हणजे दोघांनाही त्रास होणार नाही.

वर्गात हा भाग वाचून झाला की मुले-मुली दोन तट पाडतात. काहींना न्यायमूर्तींचा संयम थोर वाटतो, कारण हात उगारला नाही की आवाज चढवला नाही. काहींना तो संयम मारापेक्षाही कठोर वाटतो. एका वर्षी सिरोंच्याकडून आलेल्या एका विद्यार्थिनीने तिसराच प्रश्न विचारला. ती म्हणाली, "सर, हे त्यांचं पहिलं भांडण होतं का?" तेव्हा मी टाळाटाळीचे उत्तर दिले. प्रस्तुत लेख त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे.

लग्न 1873 च्या डिसेंबरात झाले. रमाबाई अकरा वर्षांच्या, न्यायमूर्ती एकतीस-बत्तीसचे. पहिली पत्नी त्याच वर्षी वारलेली, वडिलांच्या आग्रहाखातर झालेला विवाह, आणि विधवाविवाहाच्या पुरस्कर्त्याने कुमारिकेशी लग्न केले म्हणून बाहेर उठलेली टीका हा तपशील सर्वांना ठाऊक आहे. त्यातली एक गोष्ट मात्र आपण सहसा लक्षात घेत नाही. अकरा वर्षांची मुलगी आणि एकतीस वर्षांचा न्यायाधीश यांच्यात भांडण होऊच शकत नाही. मुलगी रडेल, रुसेल, घाबरेल, हट्ट करील. भांडण मात्र नव्हे. भांडायला दोन माणसे लागतात, आणि दोघांनाही आपले म्हणणे आपले वाटावे लागते. बालविवाहाच्या काळात लग्न आणि पहिले भांडण यांच्यामध्ये म्हणूनच आठ-दहा वर्षांचे अंतर पडे. न्यायमूर्तींनी लग्नाच्या रात्रीपासून पत्नीला अक्षरे शिकवायला घेतली, आणि त्या शिक्षणातून जी व्यक्ती घडली तिला काही वर्षांनी स्वतःचे मत असणे अपरिहार्य होते. या अर्थाने ती अबोल्याची रात्र त्यांच्या शिकवणीचेच फळ होती. विद्यार्थिनीला त्या दिवशी मला हे सांगता आले असते: वेळ पुष्कळ लोटली होती, तरी हे त्यांचे पहिले भांडण म्हणता येईल, कारण त्यापूर्वी भांडू शकेल अशी दुसरी व्यक्ती त्या घरात नव्हती.

मात्र हे भांडण भाषेत उमटले नाही, आणि त्याचे कारण व्याकरणातच आहे. रमाबाई पतीचा निर्देश 'स्वतः' या शब्दाने करतात. इंग्रजी भाषांतराचे नाव त्यावरूनच पडले. न्यायमूर्ती त्यांना 'तू' म्हणत. पतीचे नाव घ्यायचे नाही, दिवसा चारचौघांत त्याच्याशी बोलायचे नाही, घरातल्या वडीलधाऱ्या बायकांचा शिक्षणाला विरोध असताना त्यांच्यापुढे पतीची बाजूही घ्यायची नाही आणि विरुद्धही जायचे नाही. अशा घरात मतभेद व्यक्त करायला जागा उरते ती रात्रीची, आणि साधन उरते ते मौनाचे. तेही दोघांना सारखे उपलब्ध नाही. पती गप्प राहिला तर ती शिक्षा ठरते. पत्नी गप्प राहिली तर कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण ती एरवीही गप्पच असते.

अबोल्याचा हा इतिहास आपल्याकडे नीट लिहिला गेलेला नाही. ओव्यांत तो आहे, लावण्यांत आहे, कादंबऱ्यांत तर भरपूर आहे. तरीही आपण त्याला रुसव्याचा गोड प्रकार मानून पुढे जातो.

आता मी राहतो त्या मुलखाकडे वळतो. 26 ऑगस्ट 1982 पर्यंत चंद्रपूर आणि गडचिरोली हा एकच जिल्हा होता, आणि 1964 पर्यंत त्याचे नाव चांदा. जंगल, धान, मोहफुले, तेंदूपत्ता आणि दिवाळीनंतर रात्र-रात्र चालणारी झाडीपट्टीची नाटके. वडसा हे या नाटकांचे केंद्र. पुण्या-मुंबईचे समीक्षक या रंगभूमीकडे फिरकत नाहीत, आणि फिरकलेच तर 'लोकरंजन' म्हणून एका शब्दात निकाल लावतात. मात्र नवरा-बायकोच्या पहिल्या भांडणाला प्रेक्षक कसा प्रतिसाद देतो हे पाहायचे असेल तर कडाक्याच्या थंडीत पहाटे दोनला घोंगडी पांघरून त्या मंडपात बसावे. नायक-नायिकेत भांडण पेटले की पुरुषांच्या बाजूने शिट्ट्या येतात, बायकांच्या बाजूने मात्र शांतता असते. पुढे नायिका गाठोडे उचलून माहेरी निघाली की ती शांतता मोडते. बायका आपसात बोलू लागतात. मी शेजारी बसून पुष्कळदा ऐकले आहे. चर्चा बहुधा एकाच मुद्द्याची असते. कोण चूक, कोण बरोबर हा नव्हे. आणायला कोण जाणार, हा.

हा प्रश्न साधा नाही. रसेल आणि हिरालाल यांच्या 1916 च्या मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील ग्रंथात गोंडांच्या विवाहपद्धतीचे जे वर्णन आहे ते त्या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. वराकडून वधूमूल्य दिले जाई. ते देण्याची ऐपत नसेल तर मुलगा सासऱ्याच्या घरी लमसेना म्हणून काही वर्षे राबे. मामे-आतेभावंडांचे लग्न पसंत केले जाई. त्याला 'दूध लौटाना' म्हणत, म्हणजे एका घरातून दिलेली मुलगी पुढच्या पिढीत परत येणे. घटस्फोटाला मुभा होती, आणि सोडलेल्या स्त्रीशी दुसऱ्याने लग्न केले तर पहिल्या नवऱ्याचा लग्नखर्च त्याने भरून द्यायचा असे.

या व्यवस्थेत पहिल्या भांडणाचा अर्थ रानड्यांच्या वाड्यातल्यापेक्षा अगदी निराळा होतो. एक तर सासू ही पुष्कळदा आधीपासूनच आत्या असते, त्यामुळे रुसून माहेरी जाणे म्हणजे एका नात्यातून त्याच नात्याच्या दुसऱ्या टोकाला जाणे. दुसरे म्हणजे, लग्न मोडू शकते हे सगळ्यांना ठाऊक असते, आणि मोडले तर कोणी किती द्यायचे याचाही अंदाज असतो. ज्या व्यवस्थेत बाहेर पडण्याचे दार उघडे असते तिथे भांडण झाले म्हणून आभाळ कोसळत नाही. पांढरपेशा समाजात ते दार बंद होते, म्हणून तिथे भांडणच होऊ नये अशी सारी रचना केली गेली. न्यायमूर्तींचे ते उत्तर मला या रचनेचे वाटते. माझी दिशा ओळखून चाल, म्हणजे दोघांनाही त्रास नाही. यात क्रौर्य नाही; भीती मात्र आहे, आणि ती केवळ पत्नीची नाही.

आदिवासी जीवनाचे रम्य चित्र काढण्याचा माझा हेतू नाही. इंद्रावतीपलीकडच्या बस्तरमधील माडियांच्या खुनांवर आणि आत्महत्यांवर व्हेरिअर एल्विन यांनी 1943 साली पुस्तक लिहिले. शंभर खुनांची प्रकरणे त्यांनी तपासली होती, आणि त्यांत घरगुती कलह आणि दारू ही कारणे वारंवार येतात. दार उघडे असूनही माणसे आत जळत राहतात असे पुष्कळदा घडते. सोडून जाण्याची मुभा आणि एकत्र नांदण्याची कला या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

असो. इथे मला स्वतःचा अनुभव सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. असे लेखन सहसा मी टाळतो, पण रमाबाईंचा तो उतारा मी ज्या नजरेने वाचतो ती नजर मला ग्रंथालयात मिळालेली नाही.

2006 च्या फेब्रुवारीत आमचे लग्न झाले. मी दक्षिण गडचिरोलीतल्या एका तालुक्याच्या गावी नुकताच नोकरीला लागलो होतो, पत्नी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. दोन खोल्यांचे भाड्याचे घर. दोघांच्या पगारातून थोडेथोडे बाजूला टाकून कपाट आणि गॅसची दुसरी टाकी घ्यायची असे ठरले होते. जुलैत गावाकडून थोरल्या भावाचा निरोप आला की रोवणीला पैसे कमी पडताहेत. मी त्याच दिवशी बारा हजार रुपये पाठवले. घरी सांगितले नाही. सांगायचे नाही असे ठरवले नव्हते. सांगण्यासारखे काही आहे असे मला वाटलेच नाही, आणि नेमका हाच पुढे भांडणाचा विषय झाला.

आठवड्याने पासबुक तिच्या हाती लागले. तिने विचारले, "अहो, हे पैसे कुठे गेले?" मी सांगितले. ती म्हणाली, "मला विचारलं का नाही?" यावर मी जे बोललो ते आजही लिहायला जड जाते: "माझ्या घरचं तुला काय कळतं?" त्या वाक्यातला 'माझ्या' हा शब्द मी उच्चारला तेव्हा मलाही ऐकू आला. परत घेता आला असता. मी घेतला नाही.

त्यानंतर चार दिवस अबोला. घरमालकांची सात-आठ वर्षांची मुलगी आमच्याकडे येत असे, ती आमची दूत झाली. "काकांना सांग, चहा झाला." "काकूंना सांग, मला नको." त्या पोरीला हा खेळ वाटत होता. दुसऱ्या दिवशी पत्नीने पिशवी भरली. ब्रह्मपुरीला माहेरी जायचे होते. पण पावसाने नाल्यांवरून पाणी चढले होते, बसगाड्या बंद, फोन बंद. पावसाळ्यात आमच्याकडे असे दरवर्षी होते. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा तर जगाशी संबंधच तुटतो. ती भरलेली पिशवी तीन दिवस दाराशी उभी होती.

आज विचार करताना वाटते की रस्ता सुरू असता तर आमचे भांडण निराळे झाले असते. ती माहेरी गेली असती, तिथे आईला कारण सांगावे लागले असते, आणि कारण सांगताना त्याला आकार द्यावा लागला असता. 'भावाला पैसे दिले' हे कारण सांगण्याजोगे आहे; त्यावर दोन्ही घरांना बाजू घेता आली असती. 'माझ्या म्हणाले' हे कारण सांगण्याजोगे नाही. कोणी म्हणाले असते, एवढ्या शब्दावरून? म्हणजे भांडण पैशांचे ठरले असते, पैसे परत करून मिटवलेही गेले असते, आणि मूळ गोष्ट तशीच राहिली असती. आणायला कोण जाणार हा प्रश्न सुटतो, पण का गेली होती हा मागे पडतो.

चौथ्या रात्री वीज नव्हती. तिनेच तोंड उघडले. पैशांविषयी ती एक अक्षर बोलली नाही. तिने विचारले, "तुम्ही घर म्हणता तेव्हा त्यात मी असते का?" मी बऱ्याच वेळाने खरे उत्तर दिले, की अजून नसतेस. खोटे सांगितले असते तर ते तिला कळले असते. ती म्हणाली, "मग माझ्याही घरात तुम्ही अजून नाही." आणि मग आम्ही दोघेही, का कोण जाणे, हसलो. त्यानंतर मी त्या 'माझ्या'बद्दल माफी मागितली. पैशांबद्दल मागितली नाही, तिनेही मागायला लावली नाही.

त्या चार दिवसांत मी तीन निष्कर्ष काढून बसलो होतो: ही बाई पैशाला चिकट आहे, हिला माझी माणसे नकोत, आणि लग्न चुकले. तिचे निष्कर्ष तिने नंतर सांगितले: हा माणूस लबाड आहे, मी इथे पाहुणी आहे, आणि लग्न चुकले. सहापैकी एकच खरा होता, तो पाहुणी असल्याचा. आणि तोही दोघांना सारखाच लागू होता. लग्नाला पाच महिने झालेल्या माणसांचे घर अजून आईबापांचेच असते. पहिल्या भांडणात बहुधा हेच उघडे पडते. त्यावरून स्वभावाचा निकाल लावणे म्हणजे पहिल्या पानावरून कादंबरीचे परीक्षण लिहिणे होय. आपल्यापैकी काही जण तेही करतात हा भाग वेगळा.

पुढे सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांचे लेखन वाचनात आले. त्यांनी 1980 च्या दशकापासून शेकडो जोडप्यांची भांडणे चित्रित करून तपासली. नाडीचे ठोके, घाम, चेहऱ्यावरच्या हालचाली असे सारे मोजले. आकड्यांविषयी मला साहित्यवाल्याची स्वाभाविक शंका आहे, पण त्यांचे एक निरीक्षण मला पटते. जोडप्यांच्या मतभेदांपैकी सुमारे 69 टक्के कधीच सुटत नाहीत, आणि टिकलेल्या संसारांतही ते असतात. फरक असतो तो भांडणादरम्यान कोणी सावरण्याचा प्रयत्न केला का, आणि समोरच्याने तो स्वीकारला का यात. आमचा बारा हजारांचा वाद या 69 टक्क्यांतलाच आहे. भावाची रोवणी, पुतणीचे लग्न, तिच्या वडिलांचे ऑपरेशन अशा निमित्तांनी तो गेल्या वीस वर्षांत अनेकदा परत आला. फक्त आता पासबुक दोघांच्या नजरेखालून जाते, आणि वाद पैसे पाठवण्याच्या आधी होतो.

गॉटमन यांची दुसरी गोष्ट थेट न्यायमूर्तींच्या त्या रात्रीपाशी नेते. भांडणात छातीचे ठोके मिनिटाला शंभरापलीकडे गेले की माणसाला समोरच्याचे बोलणे नीट ऐकूच येत नाही, म्हणून किमान वीस मिनिटे बाजूला व्हावे असे ते सुचवतात. मात्र परत कधी येणार हे सांगून. भिंतीसारखे गप्प होणे याला मात्र ते संसाराला पोखरणाऱ्या चार लक्षणांत घालतात; उरलेली तीन म्हणजे व्यक्तीवरच ठेवलेला ठपका, तुच्छता आणि स्वतःचा बचाव. म्हणजे गप्प बसणे दोन प्रकारचे. एकाला मुदत असते, दुसऱ्याला नसते. ज्याला मुदत नसते तिथे दुसऱ्याने शरण यावे ही अट न बोलता घातलेली असते. रमाबाईंनी तूप चोळता चोळता ज्याची वाट पाहिली ती मुदत त्यांना कोणी सांगितली नव्हती. माझा अबोलाही त्याच जातीचा होता, आणि तो मोडण्याचे काम माझ्याही घरी पत्नीनेच केले. सव्वाशे वर्षांत तेवढा बदल झाला नाही.

इथे एक सीमारेषा स्पष्ट करायला हवी, कारण वर्गात ती नेहमी पुसट होते. आनंदीबाई जोशी 1883 मध्ये अमेरिकेला गेल्या. तिथून गोपाळरावांना लिहिलेल्या एका पत्रात त्यांनी दहाव्या वर्षी लाकडाच्या तुकड्यांनी खाल्लेल्या माराची, बाराव्या वर्षी अंगावर फेकलेल्या खुर्च्या-पुस्तकांची, सोडून देण्याच्या धमक्यांची आठवण करून दिली आहे. त्या पत्रात त्या पतीविषयी कृतज्ञताही व्यक्त करतात, आणि म्हणून विद्यार्थी हे सारे 'सुरुवातीची भांडणे' या सदरात टाकतात. ते तसे नाही. ज्या प्रसंगात एक जण दुसऱ्याला भितो तो भांडणाचा प्रसंगच नव्हे. ओळखण्याची खूण अशी, की भांडणानंतर पुढचे वाक्य बोलताना आपण ते खरे आहे का याचा विचार करतो, की त्याने काय होईल याचा. दुसरी गोष्ट होत असेल तर समजूत काढणे, आणायला जाणे, पंचांनी मध्यस्थी करणे यांपैकी काहीच लागू पडत नाही. 2005 चा कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा अशाच ठिकाणी लागतो, आणि त्यात मारहाणीबरोबर शाब्दिक, मानसिक आणि आर्थिक छळही येतो. आमच्या विद्यार्थिनींना हे माहीत असते. विद्यार्थ्यांना पुष्कळदा नसते.

रमाबाईंची ती रात्र या रेषेच्या अलीकडची की पलीकडची, यावर माझे मत दोनदा बदलले आहे. पूर्वी मी ती पलीकडची मानत असे. अलीकडे तो भाग पुन्हा वाचताना एक साधी गोष्ट लक्षात आली. त्यांनी ती रात्र लिहिली. न्यायमूर्तींच्या स्मरणार्थ, त्यांच्या थोरवीची साक्ष म्हणून काढलेल्या पुस्तकात ती गाळणे सहज शक्य होते, आणि कोणाला ती उणीव भासली नसती. इतक्या वर्षांनंतरही त्यांनी तो अबोला, ते तूप, ती वाट पाहणे तपशिलाने मांडले, आणि पतीचे उत्तरही जसे आठवले तसे ठेवले. त्या रात्री जे बोलता आले नव्हते त्याला त्यांनी अखेर पुस्तकात जागा करून दिली, आणि तिथेही त्यांचा उल्लेख 'स्वतः' असाच केला.

घरमालकांच्या त्या मुलीचे गेल्या वर्षी लग्न झाले. आम्ही दोघे गेलो होतो. निघताना ती माझ्या पत्नीला म्हणाली, "काकू, तुमचा निरोप पोचवायला आता मी नाही." मी विचारले, तुला आठवते ते? म्हणाली, हो तर. चार दिवस मला दोन्हीकडून बिस्किटे मिळाली होती.